भाडं आजचं, किंमत उद्याची

पेणमध्ये भाड्याने राहणारा एक आणि रोह्यात भाड्याने राहणारा दुसरा, असे दोन मित्र डोळ्यांसमोर आणू. दोघे कल्पित आहेत, पण त्यांचा वाद रायगडमधल्या कुठल्याही घरात ऐकू येईल असा आहे. पेणकर रोज पनवेलला नोकरीला जातो. तीन-चार वर्षांत बदली होण्याची शक्यता त्याला आहे. रोहेकर धाटावच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात कायम आहे आणि त्याची मुलं रोह्यातच शाळेत जातात. पेणकराचं म्हणणं असं, की "दर महिन्याला भाड्यापायी आठ हजार पाण्यात जातात. तेच हप्त्यात घातले तर उद्या घर आपलं." रोहेकर त्यावर म्हणतो, "अरे, पण हप्ता आठ हजारांचा नाही ना. वीस हजार भरून वीस वर्षं बँकेची चाकरी कशाला करायची?" दोघांच्याही बोलण्यात अर्धं खरं आहे. पण दोघेही एकच चूक करतात. ते भाडं आणि हप्ता समोरासमोर ठेवतात, आणि या दोन रकमा मुळात एका जातीच्या नाहीत. भाडं पूर्ण खर्च असतं. हप्त्यातला काही भाग खर्च असतो आणि काही भाग आपलीच बचत असते. तुलना करायची तर दोन्ही बाजूंचे परत न येणारे पैसे शोधून काढावे लागतात.

उदाहरणासाठी पेणमधला ३० लाखांचा फ्लॅट घेऊ. तसाच फ्लॅट महिना ८,००० रुपये भाड्याने मिळतो असं धरू. हे आकडे हिशेबापुरते आहेत. आपल्या गल्लीतले खरे आकडे वाचकाने त्यांच्या जागी घालावेत, रीत बदलत नाही. विकत घेणाऱ्याने २० टक्के, म्हणजे ६ लाख पदरचे घातले आणि २४ लाख कर्ज काढलं. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर १ लाख ८० हजार, नोंदणी फी ३० हजार, आणि वकील, बँकेची प्रक्रिया फी वगैरे २० हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, पण आपण पूर्ण खर्च धरू. म्हणजे किल्ली हातात येण्याआधीच ८ लाख ३० हजार गेले, आणि त्यातले २ लाख ३० हजार असे, की घर दुसऱ्या दिवशी त्याच किमतीला विकलं तरी परत मिळणार नाहीत. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे ८६८ रुपये हप्ता बसतो. २४ लाखांना तो सुमारे २०,८३० होतो. पहिल्या वर्षी भरलेल्या जवळपास अडीच लाखांपैकी २ लाख २ हजार व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त ४८ हजार.

आता परत न येणाऱ्या पैशांची बेरीज करू. व्याज २ लाख २ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्ती मिळून ३० हजार. शिवाय पदरचे ८ लाख ३० हजार मुदत ठेवीत सात टक्क्यांनी राहिले असते तर वर्षाला ५८ हजार मिळाले असते, ते बुडाले. हा शेवटचा आकडा पासबुकात कुठे दिसत नाही, म्हणून लोक तो धरत नाहीत, पण तो व्याजाइतकाच खरा आहे. एकूण झाले २ लाख ९० हजार. भाडेकरूचा परत न येणारा खर्च ९६ हजार. म्हणजे पेणकर ज्याला "पाण्यात गेलेले पैसे" म्हणतो ते पहिल्या वर्षी घरमालकाचे भाडेकरूच्या तिप्पट जातात. यातला १ लाख ९४ हजारांचा फरक घराच्या किमतीनेच भरून काढायचा. त्यासाठी ३० लाखांच्या घराची किंमत वर्षात साडेसहा टक्के वाढायला हवी, आणि दस्ताचा खर्च अजून यात धरलेलाच नाही.

"पहिल्या वर्षाचं काय सांगतोस? हप्ता तोच राहतो, भाडं मात्र दरवर्षी वाढतं," असं पेणकर म्हणेल, आणि हा आक्षेप रास्त आहे. तेव्हा हिशेब लांब पल्ल्याचा करू. भाडं आणि घराचा देखभालखर्च दोन्ही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतात, आणि भाडेकरू आपले ८ लाख ३० हजार व हप्त्याच्या तुलनेत दरमहा वाचणारी रक्कम सात टक्क्यांनी गुंतवतो, असं धरू. आठ हजारांचं भाडं या गतीने २०,८३० च्या हप्त्याला गाठायला सुमारे वीस वर्षं घेतं, म्हणजे कर्ज फिटतं तेव्हा कुठे दोन्ही बरोबरीत येतात. दहा वर्षांनंतर भाडेकरूच्या हातात साधारण साडेचाळीस लाख जमतात. घर घेणाऱ्याचं १६ लाख ८० हजार मुद्दल तेव्हाही बाकी असतं. म्हणून बरोबरीसाठी ३० लाखांचं घर ५७ लाखांच्या पुढे जावं लागतं, म्हणजे सलग दहा वर्षं दरसाल सुमारे ६.७ टक्के वाढ. तीनच वर्षांत विकायचं झालं तर दस्ताचा खर्च थोड्या वर्षांवर पडतो आणि हीच अट ८.८ टक्क्यांवर जाते. वीस वर्षं राहिलं तर ती ६ टक्क्यांवर येते. घर जितकी जास्त वर्षं वापराल तितकी ते परवडण्याची अट सोपी होते. म्हणून "घ्यावं की भाड्याने राहावं" याच्या आधी "इथे किती वर्षं राहणार" हे विचारावं लागतं. बदलीच्या तयारीत असलेल्या पेणकराने हा प्रश्न स्वतःला विचारलेलाच नाही.

मग पेणमध्ये दरसाल पावणेसात टक्के वाढ मिळेल का? पेणकराकडे याचं उत्तर तयार आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, २०२५ च्या अखेरीस नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली, उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली गावं धरून "तिसरी मुंबई" वसवण्याचं काम सरकारने एमएमआरडीएकडे सोपवलं. "भाव चढणारच, आता नाही घेतलं तर कधीच नाही," असं तो म्हणतो. या युक्तिवादात एक गोष्ट निसटते. सेतू आणि विमानतळ जसे पेणकराला ठाऊक आहेत तसे ते बिल्डरलाही ठाऊक आहेत. त्यामुळे ती आशा आजच्या ३० लाखांत आधीच मिसळलेली आहे. भाडं मात्र आशेवर ठरत नाही. पेणमध्ये राहणाऱ्या माणसाच्या आजच्या पगारातून जेवढं निघतं तेवढंच भाडं मिळतं. गणपतीच्या कारखान्यातला कामगार, शाळेतला शिक्षक, पनवेलला जाणारा नोकरदार यांच्या मिळकतीवर ते ठरतं. भाडं आजचं असतं, किंमत उद्याची असते. दोहोंत जितकं अंतर, तितके पैसे आपण उद्याच्या आशेसाठी मोजतो.

हे अंतर मोजायला सोपी कसोटी आहे: घराची किंमत किती वर्षांच्या भाड्याएवढी आहे? आपल्या उदाहरणात ३० लाखांना ९६ हजारांनी भागलं तर ३१ वर्षं येतात. रोह्यात समजा घर १८ लाखांना आहे आणि त्याचं भाडं ७,००० आहे. तिथे उत्तर येतं साडेएकवीस वर्षं. त्याच व्याजदराने, वर्षाला २४ हजार देखभालखर्च धरून, रोह्याच्या या घराचा दहा वर्षांचा हिशेब केला तर बरोबरीसाठी दरसाल सुमारे साडेपाच टक्के वाढ पुरते. पेणच्या घरापेक्षा ही अट टक्काभराहून थोडी जास्त हलकी आहे, आणि दहा वर्षांत एक टक्का म्हणजे लाखांचा फरक. हे दोन्ही आकडे दोन्ही गावांतल्या प्रत्येक इमारतीला लागू पडणार नाहीत. पेणमध्येही बाजारपेठेजवळच्या जुन्या सोसायटीत बावीस वर्षांचं गणित मिळू शकतं आणि रोह्यातही एखादा नवा प्रकल्प तीस वर्षांच्या पुढे जाऊ शकतो. ढोबळ नियम एवढाच, की उत्तर विशीच्या आसपास असेल तर घेण्याकडे कल ठेवावा आणि तिशीच्या पुढे गेलं तर भाड्याने राहून थांबावं. व्याजदर बराच खाली आला तर ही सीमा थोडी वर सरकते.

उद्याची आशा नेहमी फळते असं नाही, आणि हे पेण तालुक्याला कुणी शिकवायला नको. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या जमिनी घेण्याची योजना आली तेव्हाही चहूकडे विकासाच्याच गप्पा होत्या. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचं मत घेण्यात आलं, विरोध टिकला आणि प्रकल्प उभा राहिला नाही. शेतकऱ्यांनी जमीन राखली, त्यांच्या दृष्टीने ते यशच होतं. पण प्रकल्प येणार या हिशेबाने कुणी आजूबाजूला चढ्या भावाने काही घेतलं असेल, तर त्याचा हिशेब चुकला. शिवाय फ्लॅट घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. भाव चढतो तो मुख्यतः जमिनीचा. इमारत दरवर्षी जुनी होते. गळती, लिफ्ट, रंग, प्लॅस्टर हे खर्च वाढत जातात. तीन मजल्यांच्या सोसायटीत आपल्या वाट्याला येणारी जमीन थोडीच असते. गावातल्या प्लॉटने दिलेला नफा ऐकून फ्लॅटकडून तीच अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

इथपर्यंत रोहेकर खूश असेल. पण त्याच्या बाजूचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: भाडेकरू दरमहा वाचलेले पंधरा हजार खरोखरच बाजूला टाकतो. पेणकर इथे नेमकं बोट ठेवतो: "बँकेचा हप्ता चुकवता येत नाही, म्हणून बचत होते. तुझे पंधरा हजार दिवाळीत, मोबाइलमध्ये आणि भाच्याच्या लग्नात जातील." या आक्षेपाला आकड्यातच उत्तर द्यायला हवं. पेणचं घर दरसाल ४ टक्केच वाढलं असं धरू. दहा वर्षांनी ते सुमारे ४४ लाख ४० हजारांचं होतं आणि कर्ज वजा जाता मालकाच्या हातात २७ लाख ६० हजार राहतात. शिस्तीच्या भाडेकरूकडे साडेचाळीस लाख असतात, म्हणजे तो स्पष्ट पुढे आहे. पण त्याने दरमहा वाचणाऱ्या रकमेतली निम्मीच गुंतवली आणि निम्मी उडवली, तर त्याच्याकडे राहतात साधारण २८ लाख ४० हजार. जवळजवळ बरोबरी. म्हणजे घर चार टक्क्यांसारखं मंद वाढलं तरी खर्चिक माणसासाठी ते वाईट सौदा ठरत नाही. कारण घराने कमावलं असं नव्हे, घराने त्याचे पैसे उडू दिले नाहीत. गेल्या तीन वर्षांत भाडं भरून किती शिल्लक पडली हे भाडेकरूने स्वतःचं पासबुक उघडून पाहावं. ती शून्याच्या आसपास असेल तर भाड्याच्या बाजूचं गणित त्याच्यासाठी नाही.

शिल्लक पडली तरी ती कुठे ठेवली हाही प्रश्न आहे, आणि पेणच्या माणसाला तो विचारावाच लागतो. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेचे व्यवहार थांबले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षं अडकले. "विटा-सिमेंट कुठे पळून जात नाही," असं म्हणणाऱ्यांच्या मनात ही आठवण असते आणि ती उगाच नाही. त्या वेळी ठेव विम्याचं संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत १ लाखापर्यंत होतं. फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख आहे. तेव्हा भाड्याने राहून दहा वर्षांत चाळीस लाख जमवायचे असतील तर ते एका ओळखीच्या पतसंस्थेत ठेवून चालणार नाही. पतसंस्थेला हा विमा नसतोच. पीपीएफ, पोस्ट आणि दोन-चार मोठ्या बँका यांत ते विभागावे लागतील. अर्धा टक्का जादा व्याजाच्या मोहाने मुद्दल धोक्यात घालणाऱ्यासाठी घर हाच जास्त सुरक्षित डबा आहे.

कर वाचतो म्हणून घर घ्यावं, हे कारण आता बहुतेकांसाठी उरलेलं नाही. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती मिळत नाही. आणि २०२५-२६ या वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या मिळकतीवर करच लागत नाही. पेण-रोह्यात वीस-तीस लाखांचं घर घेणारा पगारदार बहुधा याच मर्यादेच्या आत असतो. जो कर द्यायचाच नाही, तो वाचवण्यासाठी व्याज भरण्यात अर्थ नाही.

भाड्याच्या घराचा मोठा तोटा पैशात मोजता येत नाही: घरमालक उद्या "जागा सोडा" म्हणू शकतो. महाराष्ट्रात आज बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जातात आणि मुदत संपली की मालकाला जागा परत मिळण्याचा मार्ग कायद्याने सोपा ठेवला आहे. दर अकरा महिन्यांनी ही टांगती तलवार नको असेल तर उपाय आहे. करार अकरा महिन्यांचाच असावा असं बंधन नाही, तो तीन वर्षांचाही करता येतो आणि भाडेवाढ त्यातच लिहून घेता येते. करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार आवश्यक आहे. उलट, भाडेकरूला एक सोय अशी आहे जी मालकाला नाही: चुकीच्या जागेतून निघून जाता येतं. पेणला भोगावती आणि रोह्याला कुंडलिका पावसाळ्यात काय करते हे तिथल्यांना माहीत आहे. एक-दोन पावसाळे भाड्याने काढले की कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, भरतीच्या वेळी कुठलं गटार तुंबतं आणि कुठल्या इमारतीची गच्ची गळते हे बिल्डरच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं. त्यानंतरही घर घेताना इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का आणि जागा पूररेषेच्या आत येते का, हे नगरपालिकेत जाऊन पाहावं. यात चूक झाली तर वरचे सगळे टक्के व्यर्थ.

आता दोघांचा निकाल लावता येतो, आणि तो दोघांनाही न आवडणारा आहे. पेणकर घर घ्यायला निघाला आहे, पण त्याला तीन-चार वर्षांत गाव सोडावं लागू शकतं आणि त्याने पाहिलेलं घर एकतीस वर्षांच्या भाड्याएवढ्या किमतीचं आहे. त्याला दरसाल जवळजवळ नऊ टक्के भाववाढ लागेल. त्याने भाड्याने राहावं आणि दरमहा पंधरा हजार पगाराच्या दिवशीच आपोआप वळते होतील अशी सोय करावी. रोहेकर भाड्याची बाजू लढवतो, पण त्याची नोकरी स्थिर आहे, मुलांची शाळा गावातच आहे आणि पंधरा-वीस वर्षं तो हलणार नाही. साडेएकवीस वर्षांच्या भाड्यात घर मिळत असेल तर त्याने ते घ्यावं. त्याच्यासाठी एकच सावधगिरी आहे. त्याचा पगार धाटावच्या कारखान्यांवर चालतो आणि रोह्यातल्या घरांना मागणीही बऱ्याच अंशी त्याच कारखान्यांमुळे आहे. कारखान्यांना वाईट दिवस आले तर नोकरी आणि घराचा भाव एकाच वेळी खाली येईल. म्हणून सगळी शिल्लक डाउन पेमेंटमध्ये ओतू नये. निदान वर्षभराचे हप्ते, म्हणजे १८ लाखांच्या घराला साधारण दीड लाख, वेगळ्या ठेवीत राखून मगच दस्तावर सही करावी. तेवढे बाजूला निघत नसतील, तर ते जमेपर्यंत रोह्यातही भाड्यानेच राहावं.